वादविवाद स्पर्धेचा निकाल: गुणांची बेरीज करावी की क्रमांकांची?

आंतरशालेय वादविवाद स्पर्धा पहिल्यांदाच घेणाऱ्या शाळेला ज्या एका निर्णयावर सर्वाधिक विचार करावा लागतो तो म्हणजे तीन परीक्षकांच्या तीन गुणपत्रकांतून एक निकाल कसा काढायचा, कारण विषय, वेळ आणि परीक्षकांना द्यावयाच्या सूचना या तिन्ही गोष्टी त्या निर्णयाला जोडलेल्या असतात. पुढील तुलना नाशिकमधील अशा शाळेसाठी आहे जी शहर, निफाड, सिन्नर अशा ठिकाणांहून बारा शाळा बोलावणार आहे. प्रत्येक शाळेची दोन विद्यार्थ्यांची जोडी, एक जण विषयाच्या बाजूने व एक विरोधात, तीन परीक्षक, आणि प्रत्येक वक्त्याला 50 म्हणजे जोडीला 100 पैकी गुण, अशी रचना येथे गृहीत धरली आहे.

पहिल्या पद्धतीत तिन्ही परीक्षकांचे गुण मिळवले जातात आणि सर्वाधिक बेरजेची जोडी फिरता चषक नेते. दुसऱ्या पद्धतीत परीक्षक गुणच देतात, पण संयोजक प्रत्येक पत्रकावरील गुणांवरून त्या परीक्षकाचे क्रमांक लावतात आणि सर्वांत कमी क्रमांक-बेरजेची जोडी विजयी ठरते. दोन्ही पद्धती एकाच उत्तरापर्यंत नेतील असे वाटते, परंतु तसे नेहमीच होत नाही. अ, ब आणि क या तीन जोड्या घेऊ. पहिला परीक्षक त्यांना अनुक्रमे 78, 76 आणि 74 गुण देतो, दुसरा 77, 75 आणि 74, तर तिसरा 65, 70 आणि 88. बेरीज केली तर अ ला 220, ब ला 221 आणि क ला 236 गुण मिळतात, म्हणजे क पहिली आणि अ शेवटची. क्रमांकांनी पाहिले तर अ ची बेरीज 1, 1 आणि 3 मिळून 5, ब ची 6 आणि क ची 7 होते, आणि निकाल पूर्ण उलटा लागतो. तीनपैकी दोन परीक्षकांनी जी जोडी शेवटची ठरवली, ती गुणांच्या बेरजेत 15 गुणांनी पुढे जाते. तिसरा परीक्षक यात पक्षपाती असतोच असे नाही. पहिले दोघे चार गुणांच्या आत लिहितात आणि तो तेवीस गुणांच्या पट्ट्यात लिहितो, एवढाच फरक असतो. पण बेरजेत त्या एकट्याचे मत उरलेल्या दोघांवर भारी पडते.

म्हणून बारा-पंधरा जोड्या आणि तीन परीक्षक असतील, तर मी क्रमांकांच्या पद्धतीकडे झुकतो. तिचे दोष मात्र आधी समजून घेतले पाहिजेत. दोन जोड्यांमधले अंतर किती होते हे तिच्यात पुसले जाते. एका गुणाचा फरक आणि वीस गुणांचा फरक तिला सारखाच. दुसरा दोष अधिक गंभीर आहे, तो असा की तिसऱ्याच शाळेच्या बाद होण्याने वरच्या दोघांचा निकाल पालटू शकतो. प आणि फ या शाळांना दोन परीक्षकांनी पहिली आणि दुसरी ठरवले, पण तिसऱ्याने फ ला पहिली आणि प ला चौथी ठरवले, तर प ची बेरीज 6 आणि फ ची 5 होऊन फ जिंकते. तिसऱ्याच्या यादीत दुसरी आलेली शाळा वयोमर्यादेच्या कारणाने मागाहून बाद केली, तर दोघींची बेरीज 5 होऊन बरोबरी होते. आणि बरोबरीत अधिक परीक्षकांनी वर ठेवलेली जोडी जिंकते असा नियम असेल, तर प जिंकते. त्यामुळे ओळखपत्रे, वयाचे दाखले आणि हरकती यांचा निपटारा पहिल्या भाषणापूर्वीच झाला पाहिजे, आणि बरोबरीचा नियम निमंत्रणपत्रातच छापलेला असला पाहिजे.

वेळेचा नियमही पद्धतीनुसार वेगळा लागतो. चार मिनिटांच्या भाषणाला तिसऱ्या मिनिटाला एक आणि चौथ्या मिनिटाला दोन घंटा, हे दोन्हीकडे चालते. गुणांच्या बेरजेत जादा वेळेसाठी दोन गुण कापणे सोपे जाते, मात्र ते वेळाधिकाऱ्याच्या नोंदीवरून अंतिम बेरजेतून एकदाच कापावेत, कारण परीक्षकांवर सोपवले तर एक कापतो आणि दुसरा विसरतो. क्रमांकांच्या पद्धतीत हीच कपात असमान ठरते. वरच्या उदाहरणात अ चे दोन गुण कापले, तर पहिल्या दोन पत्रकांवर ती जोडी ब च्या बरोबरीला येते आणि तिसऱ्यावर काहीच बदलत नाही. तेथे कपात न ठेवता चार मिनिटे पंधरा सेकंदांनी लांब घंटा देऊन भाषण थांबवावे. वक्त्याचे वाक्य अर्धे राहिले तरी तो नियम सर्वांना सारखाच लागतो.

विषयाच्या निवडीत सांघिक आणि वैयक्तिक बक्षिसे वेगवेगळी तपासावी लागतात. ‘कांद्यावरील निर्यातबंदी समर्थनीय आहे’ हा विषय अगदी जवळचा वाटतो, विशेषतः डिसेंबर 2023 ते मे 2024 या काळातील बंदीनंतर. पण लासलगावची बाजारपेठ ज्या जिल्ह्यात आहे, तेथे त्याच्या बाजूने बोलणाऱ्या मुलाला सभागृहाचीच नव्हे, तर परीक्षकाची नाराजीही अंगावर घ्यावी लागते. प्रत्येक जोडी दोन्ही बाजू मांडत असल्याने चषकाच्या निकालात हा कल बराचसा कटतो. उत्कृष्ट वक्त्याच्या बक्षिसात मात्र तो कटत नाही, आणि कोणतीही बेरीज त्याला दुरुस्त करत नाही. ‘नाशिकच्या मध्यवस्तीत खासगी चारचाकींना बंदी असावी’ यासारखा विषय अधिक समतोल आहे: रविवार कारंज्यावरचा दुकानदार आणि तिथून पायी जाणारा विद्यार्थी, दोघांकडेही ठोस मुद्दे असतात. कांद्याचाच विषय ठेवायचा असेल, तर वैयक्तिक बक्षीस दोन्ही बाजूंना स्वतंत्र द्यावे.

परीक्षकांना सूचना देण्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा. गुणांची बेरीज करणार असाल, तर हा अर्धा तास अनिवार्य आहे, कारण त्या पद्धतीची सारी मदार तिघांचा गुणांचा पट्टा सारखा असण्यावर आहे. मुद्द्यांची मांडणी 15, तर्क व पुरावे 15, खंडन 10, भाषा 5 आणि सादरीकरण 5 अशी विभागणी तोंडी न सांगता पत्रकावर छापावी. नंतर एखाद्या माजी विद्यार्थ्याकडून स्पर्धेबाहेरच्या विषयावर चार मिनिटांचे भाषण करवून तिघांना ते तपासायला लावावे. एकाने 31 आणि दुसऱ्याने 44 दिले, तर कोणत्या रकान्यात फरक पडला ते तिथेच समोर येते. बहुधा तो खंडनात असतो, कारण काहींच्या लेखी जोरात बोलणे हेच खंडन असते, तर काही जण आधीच्या वक्त्याच्या नेमक्या मुद्द्याला दिलेले उत्तरच मोजतात. क्रमांकांच्या पद्धतीत अशी तालीम झाली नाही तरी निभावते, पण परीक्षकाला हे बजावून सांगावे लागते की दोन जोड्यांना सारखे गुण शक्यतो देऊ नयेत. दिलेच, तर दुसरा आणि तिसरा क्रमांक मिळून दोघींना अडीच धरावा.

स्पर्धक वाढले की निवड बदलते. तीस जोड्यांमध्ये सोळावी कोण आणि सतरावी कोण हे कोणताही परीक्षक खात्रीने सांगू शकत नाही, आणि तरीही क्रमांकांच्या बेरजेत त्या मधल्या जागांना पूर्ण वजन मिळते. तेव्हा प्राथमिक फेरी गुणांवर आणि निवडलेल्या सहा जोड्यांची अंतिम फेरी क्रमांकांवर घ्यावी. प्राथमिक फेरी दोन वर्गांत वेगळ्या परीक्षकांसमोर होत असेल, तर दोन्हीकडचे गुण एका यादीत मिसळू नयेत; प्रत्येक वर्गातून पहिल्या तीन जोड्या घ्याव्यात.

निकाल जाहीर करताना गुणांची पद्धत सोयीची असते, कारण बेरीज पालकांनाही लगेच कळते. क्रमांकांच्या पद्धतीत 236 गुणांची जोडी तिसरी का, हा प्रश्न हमखास येतो, म्हणून ती पद्धत उद्घाटनाच्या वेळीच फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवावी. पत्रके शेवटच्या भाषणानंतर लगेच, परीक्षकांची आपापसांत चर्चा होण्यापूर्वी, सहीसह शाईने लिहिलेली गोळा करावीत आणि दोन शाळांच्या शिक्षकांसमोर बेरीज करावी. परीक्षकांची नावे न देता एक, दोन, तीन अशा रकान्यांचा पूर्ण तक्ता आधी सोबतच्या शिक्षकांना दाखवावा, दहा मिनिटे फक्त बेरजेच्या चुकांसाठी हरकती घ्याव्यात, आणि त्यानंतरच तिसऱ्या क्रमांकापासून नावे पुकारावीत.