तारीख आहे, पण परतीची नाही: देवघेवीच्या नोंदीत COUNTIFS वापरल्याचा अनुभव

आमच्या वाचनालयाची देवघेव नोंदवही एक्सेलवर आल्याला आता बरेच महिने झाले. तिची रचना साधी आहे: A मध्ये दाखल क्रमांक, B मध्ये सभासदाचे नाव, C मध्ये पुस्तक दिल्याची तारीख आणि D मध्ये ते परत आल्याची तारीख. कार्यकारिणीच्या प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न ठरलेला असतो, तो म्हणजे या घडीला किती पुस्तके सभासदांकडे आहेत. याचा अर्थ, C भरलेला असून D अजून रिकामा आहे अशा ओळी किती, हे मोजायचे असते. त्यासाठी पुढील फॉर्म्युला वापरत आलो आहे. त्याची चांगली बाजू आणि त्यातील खाचखळगे येथे नोंदवतो.

```
=COUNTIFS(C2:C5000,"<>",D2:D5000,"")
```

यातील "<>" म्हणजे "रिकामे नाही" आणि "" म्हणजे "रिकामे". दोन्ही अटी एकाच ओळीत पूर्ण झाल्या तरच ती ओळ मोजली जाते, आणि या फॉर्म्युल्याचे खरे मोल यातच आहे. COUNTIFS एक्सेल 2007 पासून उपलब्ध आहे, त्यामुळे वाचनालयातील जुन्या संगणकावरही तो अडत नाही.

अनेक ठिकाणी यासाठी वजाबाकी केली जाते: COUNTA ने C मधील भरलेल्या नोंदी मोजायच्या, त्यातून D मधील भरलेल्या नोंदी वजा करायच्या. ही रीत वरवर बिनचूक दिसते, परंतु ती ओळींची जोडी पाहतच नाही. समजा सहा ओळी आहेत. पहिल्या दोन ओळींत दोन्ही तारखा आहेत, पुढच्या तीन ओळींत फक्त दिल्याची तारीख आहे, आणि सहाव्या ओळीत घाईत परतीची तारीख लिहिली गेली पण दिल्याची राहून गेली. C मध्ये पाच नोंदी, D मध्ये तीन. वजाबाकी दोन सांगते. प्रत्यक्षात मात्र तीन पुस्तके बाहेर आहेत, आणि COUNTIFS तीनच सांगतो. सहाव्या ओळीतील उलट चूक वजाबाकीत एक खरी थकबाकी गिळून टाकते, आणि उत्तर संशय येण्याइतके वेडेवाकडेही नसते. त्या उलट ओळी स्वतंत्रपणे शोधायच्या असतील तर अटींची अदलाबदल करून, म्हणजे C साठी "" आणि D साठी "<>" लिहून, दुसरा आकडा काढावा. तो शून्य नसेल तर नोंदीतच दोष आहे.

आता "रिकामे" या अटीविषयी, कारण सर्वाधिक वेळ याच भागाने घेतला. D मध्ये कोणी स्पेसबार दाबून पुढे गेले असेल तर ती चौकट डोळ्यांना कोरी दिसते, पण COUNTIFS च्या दृष्टीने तिच्यात एक अक्षर आहे आणि ती ओळ मोजणीतून गळते. "पुस्तक हरवले" हे दर्शवण्यासाठी D मध्ये टाकलेली आडवी रेघही हाच परिणाम घडवते. अशा शेऱ्यांसाठी E हा वेगळा रकाना ठेवणे उत्तम. जागा सोडलेल्या चौकटींची शंका असेल तेव्हा पुढील फॉर्म्युला पडताळणीला घेतो.

```
=SUMPRODUCT((C2:C5000<>"")*(TRIM(D2:D5000)=""))
```

TRIM त्या मोकळ्या जागा काढून टाकतो, म्हणून हा आकडा COUNTIFS पेक्षा जितका जास्त, तितक्या चौकटींत अदृश्य जागा दडलेल्या आहेत असे समजावे. मात्र संकेतस्थळावरून चिकटवलेल्या मजकुरातील न तुटणारी जागा, म्हणजे CHAR(160), TRIM ला दिसत नाही; ती SUBSTITUTE ने वेगळी काढावी लागते. शिवाय SUMPRODUCT ला C:C असा पूर्ण रकाना देऊ नये. तो 10,48,576 ओळी एकेक करून तपासत बसतो आणि फाइल जड होते. COUNTIFS ला पूर्ण रकाना चालतो, कारण तो वापरात असलेल्या भागापुरताच फिरतो.

दुसरा प्रकार याच्या बरोबर उलटा आहे. आमच्या बालविभागाच्या पानावर C मधील तारीख दुसऱ्या पानावरून फॉर्म्युल्याने येते, आणि नोंद नसेल तेथे तो फॉर्म्युला "" देतो. पुढील नोंदींची सोय म्हणून तो शेकडो ओळी खाली ओढून ठेवलेला आहे. येथे "<>" ही अट फसते. चौकटीत फॉर्म्युला असल्यामुळे ती भरलेली मानली जाते, तर D साठीची "" ही अट खरोखर कोरी चौकट आणि "" देणारी चौकट अशा दोन्हींना रिकामे मानते. परिणामी अजून न आलेल्या नोंदींच्या सर्व ओळी "बाहेर असलेली पुस्तके" म्हणून मोजल्या जातात. एकाच फॉर्म्युल्यात डावीकडचे "रिकामे" आणि उजवीकडचे "रिकामे" यांचे निकष निराळे असावेत, ही या साधनाची मला सर्वांत न पटलेली गोष्ट आहे. C मध्ये तारखा असल्याने यावर उपाय सोपा आहे.

```
=COUNTIFS(C2:C5000,">0",D2:D5000,"")
```

एक्सेलमध्ये तारीख ही मुळात संख्या असते, म्हणून ">0" फक्त खऱ्या तारखा मोजतो आणि "" सोडून देतो. पहिला रकाना नावांचा असेल तर ">0" ऐवजी "?*" लिहावे, त्याचा अर्थ किमान एक अक्षर असलेला मजकूर असा होतो. या उपायाची एक मर्यादा आहे, पण ती उपयोगीही पडते. 12.03.2024 अशी ठिपके देऊन लिहिलेली तारीख आमच्या संगणकांवर मजकूर म्हणून साठते, चौकटीत डावीकडे सरकलेली दिसते आणि ">0" मध्ये येत नाही. ज्या पानावर तारखा हातानेच लिहिल्या जातात तेथे "<>" आणि ">0" यांच्या उत्तरांत फरक पडला, की अशा तारखा शोधायला लागावे.

तारखा खऱ्या असल्या की मुदत उलटलेली पुस्तकेही त्याच रचनेतून मिळतात. आमची मुदत पंधरा दिवसांची आहे.

```
=COUNTIFS(C2:C5000,"<"&TODAY()-15,D2:D5000,"")
```

येथे वजाबाकी आधी होते आणि मग "<" जोडले जाते, त्यामुळे वेगळा कंस लागत नाही. मजकूर झालेल्या तारखा मात्र या मोजणीतही येत नाहीत, म्हणून वरची पडताळणी आधी करावी.

दोन्ही अटींसाठी दिलेल्या रकान्यांच्या भागांची लांबी सारखी नसेल तर COUNTIFS #VALUE! दाखवतो, हे चांगलेच आहे. पण लांबी सारखी असून सुरुवात वेगळी असेल, उदाहरणार्थ C2:C500 आणि D3:D501, तर तो तक्रार न करता प्रत्येक ओळीची जोडी खालच्या ओळीशी लावतो. दोन्हीकडचे ओळ क्रमांक वाचून पाहण्याखेरीज हे कळण्याचा मार्ग नाही. एकाच सभासदाच्या तीन पुस्तकांसाठी तारखेच्या चौकटी एकत्र जोडल्या असतील तर मूल्य फक्त सर्वांत वरच्या चौकटीत राहते आणि उरलेल्या दोन ओळी मोजल्या जात नाहीत. नोंदवहीत चौकटी जोडूच नयेत. गाळणी लावून लपवलेल्या ओळी मात्र COUNTIFS मोजतोच, त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या ओळींशी आकडा जुळला नाही तर प्रथम गाळणी पाहावी.

आकडा कळला तरी पुस्तके कोणाकडे आहेत हे त्यातून कळत नाही. त्यासाठी A2 पासूनचा भाग निवडून सशर्त स्वरूपणात पुढील नियम दिला आहे.

```
=AND($C2<>"",$D2="")
```

C आणि D यांच्या आधीचे डॉलर चिन्ह गाळले तर रंग भलत्याच रकान्यांवरून ठरतो. हा नियम "" देणाऱ्या चौकटींना दोन्ही बाजूंनी रिकामेच मानतो, म्हणून बालविभागाच्या पानावरही तो काही न बदलता चालतो.