बडोद्यात 12 वॅटचे म्हणून घेतलेले 20 बल्ब, निघाले साडेसात वॅटचे

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात जिना, ओसरी, माडी मिळून 20 बल्ब लागतात. सोसायटीच्या ग्रुपवर एका होलसेलवाल्याचा नंबर आला. "काका, जुन्या बल्बच्या टोपीचा आणि लेबलचा फोटो टाका, तस्साच माल देतो," म्हणाला. मी फोटो टाकले: दोन बाजूंना पिना असलेली टोपी, म्हणजे बी22, आणि 12 वॅट. त्यानेही आपल्या बल्बचे फोटो पाठवले. 115 रुपयांप्रमाणे 2,300, वर कुरिअरचे 120. एकूण 2,420 रुपये मी लगेच यूपीआयने दिले.

बल्ब होल्डरमध्ये फिट बसले आणि मी निश्चिंत झालो. पण बी22 होल्डरमध्ये अर्ध्या वॅटचा नाइट लॅम्पही बसतो आणि 20 वॅटचा बल्बही. टोपी जुळली म्हणून वॅट जुळत नाही. संध्याकाळी आईने जिन्यात विचारलं, "आज व्होल्टेज कमी आहे का रे?"

मग सगळं बंद करून नव्यापैकी फक्त दहा बल्ब लावले आणि मीटरसमोर उभा राहिलो. आमच्या मीटरवर एका युनिटला 3200 ब्लिंक लिहिलंय. 120 वॅटला दहा मिनिटांत 64 ब्लिंक व्हायला हवेत. झाले 40. म्हणजे 75 वॅट, एका बल्बला साडेसात.

सगळ्यात जास्त सलतंय ते हे, की त्याच्याच फोटोत हे लिहिलेलं होतं! मोठ्या अक्षरात 12 वॅट, आणि खाली बारीक अक्षरात 240 व्होल्ट, 35 मिलिअँपिअर. 240 गुणिले 0.035 म्हणजे 8.4. एवढ्या करंटवर 12 वॅट होणं शक्यच नाही. खऱ्या 12 वॅटला किमान 50 मिलिअँपिअर लागतात. उजेड किती ते सांगणारा ल्युमेनचा आकडा आणि बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा आर-ने सुरू होणारा नंबर जिथे असतो, तिथे त्याचा अंगठा होता. तो अंगठा मला दिसला होता. "जरा अंगठा काढून फोटो टाक" एवढंच म्हणायचं होतं. पण दिवाळीची घाई, घरात पाहुणे, आणि तोवर तो इतका आदबीने बोलत होता.

अंगठा असेल तर दुसरा फोटो मागाच. आर नंबर मिळाला की बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, कंपनी आणि माल जुळतो का.

तक्रार करायला गेलो तर बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. वीज कंपनीत म्हणाले, आमचं काम मीटरपर्यंत. पोलीस चौकीत तासभर बसवून ठेवलं आणि विचारलं, "माल मिळाला ना? बल्ब लागतो ना? मग फसवणूक कसली?" मी मीटरचा व्हिडिओ दाखवत होतो, ते बघायलाही तयार नव्हते. साडेचार वॅट प्रत्येक बल्बमागे खाल्ले, हे चोरीत धरत नाहीत का? शेवटी लेखी अर्ज ठेवून आलो, पोच मात्र दिली नाही. पोच मागताना मागे हटू नका.

त्या माणसाने मला ब्लॉक केलंय. बल्ब, खोका आणि त्याचे फोटो मी जपून ठेवलेत. पुढच्या आठवड्यात ग्राहक आयोगात जातोय.