आयईएलटीएस रीडिंग: ‘कोणत्या परिच्छेदात आहे’ या प्रश्नांसाठी वापरलेली पद्धत, काही महिन्यांनंतर

अकॅडेमिक रीडिंगमध्ये 3 उतारे, 40 प्रश्न आणि 60 मिनिटं. त्यात दिलेली माहिती कोणत्या परिच्छेदात आहे ते ओळखून त्याचं अक्षर लिहायचा प्रकार मला सर्वांत वेळखाऊ वाटतो. हे प्रश्न उताऱ्याच्या क्रमाने येत नाहीत, एखाद्या परिच्छेदावर एकही प्रश्न नसतो, आणि तशी सूचना दिलेली असेल तर एकच अक्षर दोनदाही येतं. प्रश्नातले शब्द अधोरेखित करून ते उताऱ्यात शोधायची पद्धत इथे चालत नाही, कारण मजकूर जाणूनबुजून वेगळ्या शब्दांत मांडलेला असतो.

मी प्रश्नाचे दोन भाग करते. माहिती कोणत्या जातीची आहे, म्हणजे कारण, उदाहरण, तुलना की नुसता उल्लेख, हा पहिला. ती कशाबद्दल आहे, हा दुसरा. उत्तराच्या परिच्छेदात दोन्ही सापडायलाच हवेत.

सरावासाठी मी पेनिसिलिनवर एक उतारा तयार केला होता. प्रश्न होता, ‘उपचार अर्धवट का राहिले याचं कारण’. एका परिच्छेदात फ्लेमिंगने 1928 मध्ये बुरशीचा परिणाम पाहिला, पण औषध शुद्ध स्वरूपात वेगळं करता न आल्याने पुढे तो नाद सोडला, असं होतं. घाईत हाच परिच्छेद बरोबर वाटतो. कारण आहे, काम अपुरं राहिलंय. पण अपुरं राहिलं ते संशोधन. नंतरच्या परिच्छेदात 1941 मधला ऑक्सफर्डचा पोलीस शिपाई येतो. इंजेक्शनांनी तो सुधारू लागला, पण साठा संपला. त्याच्या लघवीतून औषध परत मिळवून तेच पुन्हा दिलं, तेही पुरलं नाही आणि तो दगावला. इथे ‘उपचार’ किंवा ‘कारण’ हे शब्द कुठेच नाहीत, तरी उत्तर हेच. साठा संपणं हे कारण, आणि थांबले ते रुग्णाचे उपचार.

क्रम बदलल्याचा फायदा सर्वांत मोठा झाला. त्याच उताऱ्यावरचे बाकीचे प्रश्न मी आधी सोडवते. तोवर उतारा बराचसा वाचून झालेला असतो आणि काय कुठे आहे याचा अंदाज आलेला असतो. मग एकेका प्रश्नासाठी सगळा उतारा धुंडाळण्यापेक्षा सगळे प्रश्न डोक्यात ठेवून एकदाच वरून खाली जाते.

पद्धत कमी पडते ती नुसत्या उल्लेखाच्या प्रश्नांत. तो उल्लेख अनेकदा एखाद्या लांब वाक्याच्या शेपटाला असतो आणि परिच्छेदाचा मुख्य विषय वेगळाच असतो. परिच्छेदाला शीर्षक देण्याच्या प्रश्नांची सवय असलेले फक्त पहिलं वाक्य वाचून पुढे सरकतात, तिथे हे हमखास निसटतं. असा प्रश्न एका फेरीत सापडला नाही, तर मी अंदाजाने अक्षर लिहून पुढच्या उताऱ्याकडे वळते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.