क्रिएटिनमध्ये खंड पडला तर काय करावं: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जानेवारीपासून मी रोज पाच ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे जिममधले लोक ताकदीसाठी घेतात ती पूरक पावडर, घेतोय. वय ४१, वजन ७२ किलो, आठवड्यातून चार दिवस जिम. सुरुवातीला मी लोडिंग, म्हणजे पहिले पाच-सहा दिवस रोज वीस ग्रॅम घेऊन साठा पटकन भरणं, केलं नाही. पहिल्या दिवसापासून पाचच ग्रॅम, सकाळच्या चहानंतर अर्धा पेला कोमट पाण्यात. पहिल्या महिन्यात वजन सव्वा किलोने वाढलं, ते स्नायूंत धरलेलं पाणी. दुसऱ्या महिन्यापासून बेंच आणि स्क्वॉटच्या शेवटच्या सेटला एखादी रेप जास्त निघू लागली. क्रिएटिनचा फायदा यापेक्षा फार मोठा नसतो, पण जेवढा असतो तेवढा मला स्पष्ट जाणवला.

याबद्दल बरंच वाचायला मिळतं. मला लिहायचंय ते खंडाबद्दल. दहा महिन्यांत माझे दोन खंड पडले, एकदा चार दिवसांचा आणि एकदा आठ दिवसांचा. पहिल्या वेळी मी चुकीचं वागलो, दुसऱ्या वेळी बरोबर. दोन्हींच्या नोंदी माझ्या वहीत आहेत.

पहिला खंड एप्रिलमधला. चुलत बहिणीच्या लग्नासाठी कोल्हापूरला गेलो आणि डबा डोंबिवलीला ओट्यावरच राहिला. चार दिवसांनी परत आलो, काट्यावर उभा राहिलो तर वजन ९०० ग्रॅमनी कमी. मला वाटलं, तीन महिन्यांत भरलेलं सगळं ओसरलं. जिममधल्या एकाने सांगितलं, ‘चुकलेलं भरून काढ.’ मी चार दिवसांचे चार स्कूप, म्हणजे वीस ग्रॅम, एकाच पेल्यात ढवळून प्यायलो. तासाभरात पोटात गुडगुड सुरू झाली, दुपारपर्यंत तीनदा जुलाब झाले आणि संध्याकाळचं डेडलिफ्ट रद्द करावं लागलं. पावडर तीच होती, डबाही तोच. बिघडलं ते प्रमाणामुळे. एका वेळी दहा ग्रॅम घेतले तरी बऱ्याच जणांचं पोट बिघडतं. जे शोषलं जात नाही ते आतड्यातच राहतं आणि तिथे पाणी ओढून घेतं. लोडिंग करणारेसुद्धा वीस ग्रॅम दिवसभरात चार वेळा विभागून घेतात, त्याचं कारण हेच.

त्यानंतर मी बसून हिशेब समजून घेतला. क्रिएटिन हे चहा-कॉफीसारखं घेतलं की चढणारं आणि थोड्या वेळाने उतरणारं नाही. ते स्नायूंत साठतं. साधारण ७० किलोच्या पुरुषाच्या शरीरात पूरक न घेताही सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असतं, आणि त्यातलं जवळजवळ ९५ टक्के स्नायूंत. रोज नियमाने घेतलं की हा साठा साधारण वीस टक्क्यांनी वाढतो, म्हणजे वरचे वीस-पंचवीस ग्रॅम. आपण आठवड्यांमागून आठवडे चमचा-चमचा घेऊन जे मिळवतो ते एवढंच.

आता खर्च. साठ्यातला दीड-दोन टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो आणि लघवीतून जातो. हे साधारण दोन ग्रॅम झाले. त्यातला काही भाग शरीर स्वतः तयार करून भरतं, काही जेवणातून येतो. त्यामुळे पूरक बंद केलं तरी वरचा साठा एकदम रिकामा होत नाही, हळूहळू ओसरतो. १९९६ साली एरिक हुल्टमन आणि सहकाऱ्यांनी स्नायूंचे नमुने घेऊन हे मोजलं होतं. रोज वीस ग्रॅम सहा दिवस दिल्यावर साठा भरला. नंतर ज्यांचं पूरक थांबवलं त्यांचा साठा पूर्वपदावर यायला साधारण तीस दिवस लागले. ज्यांना रोज फक्त दोन ग्रॅम चालू ठेवले त्यांचा साठा टिकून राहिला.

हे माझ्या चार दिवसांना लावून पाहिलं. पंचवीस ग्रॅम तीस दिवसांत ओसरतात असं धरलं तर दिवसाला एक ग्रॅमपेक्षाही कमी. चार दिवसांत फार तर तीन-साडेतीन ग्रॅम. वरच्या साठ्याचा सातवा-आठवा भाग. मग वजन ९०० ग्रॅम का उतरलं? पंचवीस ग्रॅमच्या साठ्याबरोबर सव्वा किलो पाणी आलं असेल, तर तीन ग्रॅमबरोबर दीडशे ग्रॅमच्या आसपास जाईल. उरलेलं एप्रिलचं ऊन, मांडवातली धावपळ, अपुरी झोप आणि अवेळी जेवण. म्हणजे ज्या आकड्याने मी घाबरलो त्याचा क्रिएटिनशी संबंध नावापुरताच होता.

आणि चुकलेले वीस ग्रॅम ‘भरून काढायचे’ म्हणणंच चूक आहे. न घेतलेल्या वीस ग्रॅमपैकी बहुतेक भाग घेतला असता तरी रोजच्या खर्चात आणि लघवीत गेला असता. भरायचे होते फक्त तीन-साडेतीन ग्रॅम. रोजच्या पाच ग्रॅममधून रोजचा खर्च भागून थोडं उरतं, त्यातून ही तूट आठवड्याभरात सहज भरते.

दुसरा खंड गणपतीतला. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी आठ दिवस. यावेळी डबा मुद्दाम नेला नाही असं नाही, दोन गाड्या बदलायच्या, सामान फार, त्यात तो मागे पडला. हा खंड एका अर्थाने जास्त कठीण होता. श्रावणापासून घरात मासे-मटण बंद, म्हणजे जेवणातून येणारं क्रिएटिनही बंद. कच्च्या मांसात किलोमागे साधारण चार-पाच ग्रॅम असतं, म्हणजे नेहमीच्या जेवणातल्या माशांच्या दोन तुकड्यांतून मला अर्धा-एक ग्रॅम मिळत असेल. शाकाहारी जेवणात ते जवळजवळ नसतंच. त्यामुळे माझी तूट वरच्या हिशेबापेक्षा थोडी जास्त धरायला हवी. आठ दिवसांचे सात-आठ ग्रॅम, अगदी वाईट धरलं तर दहा. तरीही वरच्या साठ्याचा अर्ध्याहून जास्त भाग शिल्लकच होता.

परत आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहानंतर पाच ग्रॅम. एवढंच. डबल नाही, लोडिंग नाही. गंमत अशी की यावेळी वजन ६०० ग्रॅमनी वाढलेलं होतं. भात, मोदक, मीठ, बसून राहणं. क्रिएटिन कमी झालं असताना काटा वर गेला. तेव्हापासून साठा किती उरलाय हे ठरवायला मी काट्याकडे बघत नाही.

वहीतली नोंद अशी आहे. गावाला जाण्याआधी स्क्वॉट ८५ किलो, तीन सेट, प्रत्येकी पाच रेप्स. परतल्यावर पहिल्या दिवशी पाच, पाच, चार. तीन दिवसांनी पाच, पाच, पाच. पुढच्या सोमवारी ८७.५ किलोवर तेच. पहिल्या दिवशी गेलेली ती एक रेप क्रिएटिनमुळे गेली असं मी म्हणणार नाही. आठ दिवस बार खांद्यावर घेतला नव्हता आणि आदल्या रात्रीचा प्रवास होता. तीन दिवसांत साठा पूर्ण भरत नाही, आणि तरीही रेप परत आली. एवढ्यावरून मला ती थकव्याची वाटते.

मोठ्या खंडाची गोष्ट वेगळी. माझ्याबरोबर व्यायाम करणारा एक मित्र पावसाळ्यात टायफॉइडने आजारी पडला आणि सहा आठवडे काहीच घेऊ शकला नाही. तेवढ्या काळात वरचा साठा संपलेलाच असतो. त्याने ताप गेल्यावर लगेच सुरू केलं नाही. पोट ताळ्यावर येऊन नेहमीचं जेवण सुरू झाल्यावर, डॉक्टरांना विचारून रोज पाच ग्रॅम घ्यायला लागला, अगदी नवीन माणसासारखं. साठा भरायला साधारण महिना लागतो हे त्याने गृहीत धरलं होतं. वर सांगितलेल्या अभ्यासात रोज तीन ग्रॅम २८ दिवस घेणाऱ्यांचा साठाही शेवटी लोडिंग करणाऱ्यांइतकाच झाला होता. घाई असेल तर पाच ग्रॅम दिवसातून चारदा, पाच-सहा दिवस, हा मार्ग आहे. पण आजारातून उठलेल्या पोटाला तो द्यावा असं मला वाटत नाही, आणि त्यालाही वाटलं नाही.

माझा स्वतःचा नियम आता असा झालाय: खंड दोन आठवड्यांच्या आतला असेल तर काहीही वेगळं करायचं नाही, नेहमीचा चमचा पुढे चालू. महिन्याच्या वर गेला तर पहिल्यापासून सुरू केल्यासारखं समजायचं आणि महिनाभर वाट बघायची. दोन आठवडे ते महिना यांच्या मधल्या खंडानंतरसुद्धा तोच चमचा, फक्त पूर्ण भरायला दोन-तीन आठवडे लागतील हे लक्षात ठेवायचं.

उलट दिशेचा एक गैरसमज इथेच सांगतो, कारण तो धोक्याचा आहे. मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीआधी चार दिवस क्रिएटिन बंद केलं की क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ येईल असं काही जण मानतात. चार दिवसांत साठा बराचसा तसाच असतो, त्यामुळे त्यातून होणारं क्रिएटिनिनही तसंच चालू राहतं. मी माझ्या वार्षिक तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आधीच सांगितलं की मी हे घेतो. आकडा किंचित वर आला तेव्हा त्यांनी मूत्रपिंडाचीच सिस्टॅटिन सी ही चाचणी लिहून दिली, ती स्नायूंतल्या क्रिएटिनवर अवलंबून नसते. ती व्यवस्थित आली. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मात्र सुरू करणं, थांबवणं, परत सुरू करणं, यातलं काहीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये.

प्रवासासाठी आता मी पाच-पाच ग्रॅमच्या छोट्या झिपच्या पुड्या करून ठेवतो. कोकणातल्या दमट हवेत पावडरीचे गोळे होतात. गोळे फोडून घेतले तरी चालतात, कोरडी पावडर सहजासहजी खराब होत नाही. पाण्यात विरघळवून बाटली भरून नेणं मात्र टाळा. पाण्यात क्रिएटिनचं हळूहळू क्रिएटिनिन होत राहतं, लिंबू पिळलेलं असेल तर जास्त वेगाने. ढवळायचं ते प्यायच्या वेळीच.

पुढच्या आठवड्यात दिवाळीला सांगलीला चार दिवस जातोय. चार पुड्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात टाकल्यात. विसरल्या तर पाचव्या दिवशी सकाळी घरी, चहानंतर, एक स्कूप.