एटीएमनं गिळलेलं कार्ड: परत मिळवावं की नवीन घ्यावं?

माझं कार्ड एटीएममध्ये दोनदा अडकलं. पहिल्या वेळी मी तेच कार्ड परत मिळवलं, दुसऱ्या वेळी ते बंद करून नवीन घेतलं. दोन्ही वाटा चालून झाल्यामुळे त्यांची तुलना करतोय. तुमची बँक, गाव आणि गरज वेगळी असेल तर निर्णयही वेगळा होऊ शकतो.

तुलनेआधी एक गोष्ट पाहावी लागते: कार्ड मशीननं आत घेतलंय की कुणी मुद्दाम अडकवलंय? कार्ड बाहेर आल्यावर काही सेकंदांत उचललं नाही, मध्येच वीज गेली किंवा कार्ड आधीच ब्लॉक झालेलं असेल, तर मशीन ते आत ओढून घेतं आणि बहुधा स्क्रीनवर तसा संदेश येतो किंवा पावती निघते. पण संदेश नाही, पावती नाही, कार्डाची कड खाचेत दिसतेय पण निघत नाही, खाचेला गोंद किंवा पट्टी लागलेली आहे, असं दिसलं तर सावध व्हा. भिंतीवर पेननं लिहिलेला किंवा चिकटवलेला 'हेल्पलाइन' नंबर असेल, किंवा शेजारचा माणूस "पिन परत टाकून बघा" म्हणत असेल, तर वाट बघण्याचा पर्यायच उरत नाही. तिथेच उभं राहून बँकेच्या ॲपमधून किंवा बँकेच्या खऱ्या नंबरवर कार्ड ब्लॉक करायचं. हा नंबर फोनमध्ये आधीच साठवून ठेवा, कारण तो कार्डाच्या मागे छापलेला असतो आणि कार्ड तर मशीनच्या पोटात असतं.

आता माझी पहिली वेळ. सांगलीत विश्रामबागेजवळ पेट्रोल पंपाच्या आवारातलं एटीएम, माझ्याच बँकेचं. शुक्रवारी रात्री नऊला पिन टाकला आणि लाइट गेली. परत आली तेव्हा मशीन नव्यानं सुरू झालं, 'स्वागत आहे' दिसलं आणि कार्ड आतच राहिलं. ॲपमधून मी कार्ड तात्पुरतं बंद केलं. हे महत्त्वाचं आहे, कारण तात्पुरतं बंद केलेलं कार्ड पुन्हा चालू करता येतं, हॉटलिस्ट म्हणजे कायमचं बंद केलेलं येत नाही. मशीनवरच्या स्टिकरचा एटीएम आयडी फोटोत घेतला. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. सोमवारी ते एटीएम ज्या शाखेकडे होतं तिथे गेलो.

शाखेतले साहेब सज्जन होते, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. शाखेच्या भिंतीतलं एटीएम शाखेचे लोक उघडतात, मात्र बाहेरच्या मशीनमध्ये रोकड भरायला एजन्सीची गाडी येते आणि अडकलेली कार्डंही तीच माणसं काढतात. "गाडी आली की कळेल," एवढंच ते सांगू शकत होते. मंगळवारी फोन केला, बुधवारी पुन्हा गेलो. गाडी बुधवारी संध्याकाळी आली आणि कार्ड पाकिटातून गुरुवारी शाखेत पोहोचलं. आधार आणि पासबुक दाखवलं, रजिस्टरमध्ये सही केली, कार्ड हातात आलं. एक रुपया लागला नाही, नंबर तोच, पिन तोच, दरमहा आपोआप कापली जाणारी बिलं जशीच्या तशी. या वाटेचा हा मोठा फायदा आहे आणि मी तो कमी लेखत नाही.

तरी ते सहा दिवस मला जड गेले, आणि कार्ड नव्हतं यापेक्षा जास्त एका कारणानं: ते कधी मिळेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. पैशांची अडचण नव्हती, यूपीआय चालू होतं, कारण ते खात्याला जोडलेलं असतं. अनेक एटीएमवर क्यूआर स्कॅन करून कार्डाशिवायही पैसे काढता येतात. पण रोज सकाळी 'आज जाऊ का?' असा विचार, दोन अर्ध्या रजा आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर. नवीन कार्डाला आठ दिवस लागले असते तरी चाललं असतं, फक्त आठ म्हणून माहीत हवं होतं.

दुसऱ्यांदा कार्ड अडकलं कोल्हापुरात, दुसऱ्याच बँकेच्या एटीएममध्ये. इथे जुनं कार्ड परत मिळण्याची आशा मुळातच कमी असते. परक्या बँकेचं कार्ड सापडलं तर सुरक्षिततेसाठी ते बहुधा कापून नष्ट करतात, त्या मशीनच्या शाखेत खेपा घालून सहसा काही हाती लागत नाही. मी त्याच रात्री कार्ड हॉटलिस्ट केलं आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवला. तो जपून ठेवा: रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेला कळवल्यानंतर झालेल्या बेकायदा व्यवहाराचं नुकसान बँकेनं सोसायचं असतं, आणि कधी कळवलं याचा पुरावा हाच.

दुसऱ्या दिवशी माझ्या शाखेत जाऊन अर्ज दिला. तिथे नाव न छापलेली तयार कार्डं पाकिटात असतात, त्यातलं एक तासाभरात मिळालं आणि दुसऱ्या दिवसापासून चालू झालं. खात्यातून २३६ रुपये कापले गेले, म्हणजे २०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. तुमच्या बँकेचा दर वेगळा असू शकतो. नाव छापलेलं कार्ड पोस्टानं मागवता येतं, पण खात्यावरचा पत्ता आधी तपासा. आमच्या वहिनींचं कार्ड जुन्या घरी जाऊन परत फिरलं होतं.

या वाटेचा त्रास कार्ड हातात आल्यावर सुरू होतो. पिन एटीएमवर ओटीपी टाकून तयार करावा लागतो. नवीन कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनमध्ये घालून चालतं. ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देणं ॲपमधून स्वतः चालू करावं लागतं. माझं टॅप दुकानात नाकारलं गेलं तेव्हा मला वाटलं कार्डच खराब निघालं. शिवाय नंबर बदललेला असतो, म्हणून साठवलेली कार्डं आणि जुन्या कार्डावरून आपोआप जाणारे हप्ते नव्यानं जोडावे लागतात. माझा विम्याचा हप्ता याच कारणानं अडकणार होता, वेळेत लक्षात आला. एका संध्याकाळी वही घेऊन बसलो, पाऊण तासात सगळं संपलं.

म्हणून माझा कल नवीन कार्डाकडे आहे. पाऊण तास मी माझ्या सोयीनं देऊ शकलो, एजन्सीच्या गाडीची वाट माझ्या हातात नव्हती. अपवाद एकच वाटतो: मशीन तुमच्याच बँकेच्या शाखेच्या भिंतीत असेल, बँक चालू असेल आणि आतला माणूस "थांबा, बघतो" म्हणत असेल, तर कार्ड ॲपमधून बंद करून तिथेच थांबा. माझ्या मामांचं कार्ड असंच अर्ध्या तासात परत मिळालं होतं. संध्याकाळपर्यंत नक्की वेळ मिळाली नाही, तर मी हॉटलिस्टचं बटण दाबेन.