सहा महिन्यांच्या काठावर नोकरी सोडताना: ग्रॅच्युइटी पाहावी की पेन्शन?

बेळगावच्या उद्यमबागेतला कामगार कोल्हापूरकडे शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला जातो, हे आपल्याकडे नवं नाही. तिकडचे लोक एक तारखेला हजर व्हा म्हणतात, आणि इकडे चालू वर्षाचे सहा महिने नेमके त्याच सुमारास भरत असतात. तीस तारखेला निघावं की आठ-दहा दिवस थांबावं? मी थांबलो होतो. का, ते सांगतो.

सहा महिने झाले की पूर्ण वर्ष धरतात, असं सगळेच म्हणतात. पेन्शनला, म्हणजे पीएफच्या १९९५ च्या योजनेला, ते लागू पडतं. वरचे महिने सहा किंवा जास्त असले की पूर्ण वर्ष, कमी असले की सोडून द्यायचे. ग्रॅच्युइटीत मात्र वरचा काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त लागतो. १९७२ च्या कायद्यात तसं होतं, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसंच आहे. नेमके सहा महिने भरून निघालात, तर ते सहाही महिने वाया.

समजा एक टर्नर १ जून २०१३ ला लागला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये. ग्रॅच्युइटी काढताना महिन्याच्या पगाराला २६ ने भागून १५ ने गुणतात, म्हणजे एका वर्षाचे १५,००० होतात. तो ३० नोव्हेंबर २०२४ ला निघाला, तर अकरा वर्षं आणि बरोबर सहा महिने. हाती १,६५,०००. डिसेंबरमध्ये काही दिवस काम करून निघाला, तर बारा वर्षं धरून १,८०,०००.

पेन्शनला तीस नोव्हेंबरलाच बारा वर्षं होतात. सप्टेंबर २०१४ आधीच्या सेवेला लागणारी ६,५०० ची जुनी मर्यादा बाजूला ठेवून सगळी सेवा १५,००० च्या मर्यादेवर धरली, बाराने गुणून ७० ने भागलं, की अठ्ठावन्नाव्या वर्षापासून महिना साधारण २,५७१ येतात. अकरा वर्षं धरली तर २,३५७. फरक दोनशे चौदा रुपयांचा, पण तो जन्मभराचा. त्यामुळे पेन्शनकडे बघून तारीख ठरवणारे चुकतात असं मी म्हणणार नाही.

तरी माझं मन ग्रॅच्युइटीकडे झुकतं. पेन्शनची योजना केंद्राची आहे, तिला सीमा नाही. खातं कोल्हापूरच्या नोकरीकडे वळवलं की इकडचे सहा महिने तिकडच्या सेवेत मिळतात, आणि वर्षांचा हिशेब शेवटी सगळ्या सेवेची बेरीज करून होतो. ग्रॅच्युइटीत प्रत्येक मालक आपल्यापुरतं खातं बंद करतो. तिथे गेलेलं अर्धं वर्ष पुढे कुठेच जोडलं जात नाही.

नोकरीच कायमची सोडणार असाल, तर मात्र पेन्शनचे दिवस नीट मोजा. बिनपगारी रजा तिथे वजा होते. कंपनी दरमहा पीएफचा ईसीआर नावाचा जो तक्ता भरते, त्यात एनसीपी, म्हणजे वर्गणी न भरलेल्या दिवसांचा रकाना असतो, तोच पाहायचा. आपल्या टर्नरचे वर्षानुवर्षांचे मिळून वीस दिवस तिथे पडले असतील, तर तीस नोव्हेंबरला सहा महिने भरलेच नाहीत आणि वर्षं अकराच धरली जातील. अशाने महिनाभर जास्त थांबणं बरं. दहा वर्षांच्या अटीलाही हाच नियम आहे: साडेनऊ वर्षं खरोखर भरली तर दहा धरतात आणि दरमहाची पेन्शन लागू होते. ग्रॅच्युइटीच्या पाच वर्षांच्या अटीला असा आधार नाही. चार वर्षं सात महिन्यांची पाच करून कोणी पात्र ठरत नाही.

हंगामी साखर कामगारांना ग्रॅच्युइटीचा हा पंधरा दिवसांचा हिशेब लागू नाही. त्यांना प्रत्येक हंगामाला सात दिवसांचा पगार धरतात.

माझा निर्णय मात्र एका त्रासामुळे झाला. मी राजीनाम्यात शेवटचा दिवस सहा महिन्यांच्या पुढचा लिहिला होता. ऑफिसने शिल्लक रजा नोटीसच्या दिवसांत वळती केली आणि कार्यमुक्तीच्या पत्रात तारीख मागे ओढली, ती थेट सहा महिने नेमके भरतात त्या दिवसावर. विचारलं तर म्हणे, “महिना तर भरलाच की, वर्ष धरतातच.” त्यांच्या डोक्यात पेन्शनचा नियम होता आणि कागद ग्रॅच्युइटीचा होता. मी लेखी हरकत घेतली. रजेचे पैसे वेगळे द्या, पण शेवटचा दिवस मी लिहिला तोच ठेवा, असं सांगून तारीख बदलून घेतली. त्यात कोल्हापूरची एक तारीख हुकली. तिकडचे जरा नाराज झाले, पण थांबले.

नवी नोकरी एक दिवसही थांबायला तयार नसेल, तर कदाचित तुमचा हिशेब वेगळा निघेल. चार-आठ दिवसांची सवलत मिळत असेल तर मी थांबायलाच सांगेन, आणि कार्यमुक्तीच्या पत्रावरची तारीख हाती पडेपर्यंत फुल अँड फायनलवर सही करू नका असंही सांगेन.