काचेवरचा पाऊस आणि पाटीवरचा आकडा: ओघळ पुसायचे की ठेवायचे?

यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना गाडीच्या पुढच्या काचेतून टिपलेली एका खानावळीची पाटी. पिवळ्यावर काळं: ‘अख्खा मसूर थाळी १५०’. आता दर १८० झालाय, पण मालकाला फोटो हाच हवा, धुक्यासकट. बदलायचा एकच आकडा. नेमका त्याच्यावरून एक ओघळ उतरलाय आणि डावीकडे एक जाड थेंब बसलाय.

काच स्वच्छ करून नवा ८ बसवणं सोपं वाटतं. उभ्या गाडीतून, एकाच जागेवरून पाठोपाठ सात-आठ फोटो काढले असतील तर ते खरंच सोपं आहे. फोटोशॉपमध्ये ते एकावर एक जुळवून Median घेतला की हलणारे थेंब गळून जातात. निम्म्याहून जास्त फोटोंत जागचा न हललेला थेंब तेवढा उरतो. पण फोटो एकच असेल तर या वाटेला जाऊ नका. पाटी कोरडी ठणठणीत आणि शेजारचं झाड ओघळलेलं, हे कुणालाही खटकतं.

एकाच फोटोत पाऊस ठेवून आकडा त्याच्याखाली घालावा. जुना ५ क्लोनने घालवताना रंग शेजारून उचलू नका, त्याच ओघळाच्या वरून-खालून उचला, म्हणजे ओघळ अखंड राहतो. नवा ८ वेगळ्या लेयरवर, पाटीच्या तिरकेपणात बसवा. गडद काळा नको. ओल्या काचेवर आभाळाचा उजेड पसरतो, त्यामुळे जुनी अक्षरंही राखाडी झालेली असतात. शेजारच्या १ चा रंग घ्या आणि कडा त्याच्याइतक्याच मऊ करा.

थेंबाच्या आत ८ वाकवत बसण्यात अर्थ नाही. थेंब हे छोटं भिंग असतं: त्यात आभाळ खाली, रस्ता वर आणि पाटी जेमतेम ठिपक्याएवढी. मूळ थेंबच कापून सगळ्यात वरच्या लेयरवर ठेवा. फक्त त्याच्या पुसट कडेत जुन्या ५ चा काळपटपणा उरलेला असतो, तो मास्कने हलकेच घालवावा लागतो. बहुतेक चोरी इथेच पकडली जाते.

ओघळाचं गणित वेगळं. उभा ओघळ मागचं चित्र आडवंच सरकवतो. म्हणून ८ ची ओघळाखालची पट्टी किंचित बाजूला सरकवा. किती, ते ‘थाळी’वरच्या तशाच ओघळात काना किती सरकलाय ते पाहून ठरवा. आकड्याऐवजी शब्द बदलत असाल तर काना आणि उभ्या रेघा तुटतील, शिरोरेषा मात्र सलग राहील. धावत्या गाडीत ओघळ तिरके होतात, तेव्हा शिरोरेषाही तुटायला हवी. नाहीतर शब्द काचेच्या अलीकडे चिकटवल्यासारखा दिसतो.

एक-दोन आकड्यांसाठी ही मेहनत परवडते. अख्खी पाटी बदलायची असेल तर वायपर फिरल्या-फिरल्या नवा फोटो काढलेला बरा.